बारा मृत्यूंचा हिशेब

अंडाशयाच्या कर्करोगावरची एक छोटी चाचणी १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. रुग्ण होते २६. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे १३-१३ चे दोन गट पाडले होते. पहिल्या गटाला सायक्लोफॉस्फामाइड हे एकच औषध मिळालं, दुसऱ्याला त्याच्या जोडीला अ‍ॅड्रियामायसिन. संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही या आकड्यांवर हात बसवतात.

पहिल्या गटात ७ मृत्यू, दुसऱ्यात ५. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. उरलेल्या १४ जणींपैकी कुणाची नोंद ३७७ व्या दिवशी थांबली, तर कुणाची १,२२७ व्या. त्या दिवशी त्या हयात होत्या, पुढचं ठाऊक नाही. अशा अर्धवट नोंदींना ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. त्यांना वगळलं तर नेमक्या जास्त जगलेल्या रुग्णच हिशेबातून जातात. सगळ्यांना कायमच्या जिवंत धरलं, तर तेही खोटं.

लॉग-रँक चाचणी यातून सरळ वाट काढते. नेथन मँटेल यांनी १९६६ मध्ये ती मांडली. ज्या दिवशी मृत्यू झाला त्या प्रत्येक दिवशी ती थांबते आणि हजेरी घेते: आज निरीक्षणाखाली कोण कोण आहे? दोन्ही उपचार सारखेच असतील, तर आजचा मृत्यू हजर असलेल्यांपैकी कुणाच्याही वाट्याला सारख्याच शक्यतेने आला असता.

पहिला मृत्यू ५९ व्या दिवशी झाला. २६ जणी हजर, त्यांतल्या १३ पहिल्या गटातल्या. म्हणून पहिल्या गटाचा ‘अपेक्षित मृत्यू’ १३ भागिले २६, म्हणजे ०.५. पुढचा मृत्यू ११५ व्या दिवशी, तेव्हा १२ भागिले २५, म्हणजे ०.४८. आता ४३१ व्या दिवशी या. तोवर दुसऱ्या गटातल्या दोघींची नोंद थांबली आहे, हजर १७, त्यांत पहिल्या गटाच्या ८, अपेक्षित ०.४७. नोंद थांबलेल्या रुग्णाचं योगदान असं त्या दिवसापर्यंत पुरेपूर धरलं जातं, नंतर शून्य. मात्र त्यात एक अट आहे. प्रकृती ढासळली म्हणूनच रुग्ण यायचे बंद झाले असतील, तर हजेरीपट फसवा ठरतो आणि गणिताला ते कळत नाही.

बाराही दिवसांची बेरीज केली की पहिल्या गटात ५.२३ मृत्यू अपेक्षित होते, झाले ७. फरक १.७७. प्रत्येक दिवशी योगायोगाने किती चढउतार होऊ शकतो त्याचीही बेरीज करतात. ती इथे २.९४ येते. फरकाचा वर्ग तिने भागला की मिळतात साधारण १.०६. नेहमीची रेषा ३.८४ ची, म्हणजे आपण बरेच खाली. उपचारांत काहीच फरक नसता, तरी एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरांत तीस वेळा दिसली असती.

खरी गंमत मृत्यूंच्या क्रमात आहे. पहिले पाचही मृत्यू, ३२९ व्या दिवसापर्यंतचे, पहिल्या गटातले! त्या दिवसापर्यंत अपेक्षित २.२८, झालेले ५. तिथेच वही मिटली असती तर उत्तर जवळपास ६ आलं असतं आणि दोन औषधं निर्विवाद सरस ठरली असती. पुढच्या सात मृत्यूंपैकी पाच मात्र दुसऱ्या गटात झाले आणि आघाडी विरली. लॉग-रँक सगळे फरक एकत्र करते. त्यामुळे आधी एक गट मागे आणि नंतर दुसरा, असं झालं की अधिक-उणे एकमेकांना खातात. म्हणून बेरजेआधी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघावेत.

त्या ६ वरही फार विसंबू नये. सूत्राप्रमाणे त्याची योगायोगाची शक्यता दीड टक्का निघते. पण पाचही मृत्यू एकाच गटात, मग तो कोणताही असो, येण्याची शक्यता थेट मोजली तर जवळपास चार टक्के भरते. नमुना लहान असला की सूत्र असं जरा जास्तच खात्रीने बोलतं. तिथे सगळ्या शक्य वाटण्या मोजणारी पद्धत बरी.

मग दुसरं औषध निरुपयोगी ठरलं का? मुळीच नाही. याच आकड्यांवरून काढलं तर पहिल्या गटातला मृत्यूचा धोका दुसऱ्याच्या सुमारे १.८ पट दिसतो. फक्त पुरावा तोकडा आहे. या चाचणीचं बळ रुग्णांच्या संख्येवर नसून मृत्यूंच्या संख्येवर ठरतं. धोका निम्मा करणारं औषध ८० टक्के खात्रीने पकडायचं, तर सारख्या दोन गटांत मिळून ६५ च्या आसपास मृत्यू नोंदले जावे लागतात. इथे होते १२. तेव्हा ‘दोन उपचारांत फरक आढळला नाही’ अशी बातमी वाचलीत, तर रुग्ण किती होते हे नंतर बघा. आधी घटना किती घडल्या ते शोधा.