चिमणराव ते तात्या विंचू

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर प्रश्नमंजूषा रंगते. त्यात जुन्या विनोदी मालिकांतल्या पात्रांची एक फेरी असते आणि तिचे प्रश्न माझ्याकडे असतात. पहिल्या वर्षी मी मुलांसाठी सोपे आणि मोठ्यांसाठी अवघड अशा दोन याद्या केल्या. आजीची पाळी आली की मुलं पेंगायची आणि मुलांना प्रश्न पडला की आजी अडकित्ता काढून सुपारी कातरत बसायची. घर एक, पण खेळ दोन झाले होते.

चूक कुठे झाली ते मागाहून कळलं. कोणताही प्रश्न मुळात सोपा किंवा अवघड नसतो. ‘चिमणरावांच्या जोडीला सतत कोण असायचं?’ असं विचारलं तर आजी मान वर न करता ‘गुंड्याभाऊ’ म्हणते. नऊ वर्षांच्या नातीसाठी मात्र तो प्रश्न अवघडही नसतो, तो बंद दरवाजाच असतो. ज्याने मालिका पाहिलीच नाही, तो कितीही डोकं खाजवून उत्तर काढू शकत नाही. म्हणून काठिण्याच्या पायऱ्या लावायच्या त्या कोणी काय पाहिलंय यावरून.

आता आम्ही प्रत्येक गटात एक मूल, एक आईबाबांच्या वयाचं माणूस आणि एक आजी किंवा आजोबा घेतो. एका प्रश्नाच्या तीन चिठ्ठ्या असतात, तिघांना एकेक. गेल्या वर्षीचा प्रश्न असा होता. आजीच्या चिठ्ठीत : ‘सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आलेला चि. वि. जोशींचा मध्यमवर्गीय नायक.’ मधल्या पिढीच्या चिठ्ठीत : ‘2001 साली सुरू झालेल्या मालिकेतले आजोबा, शिऱ्या आणि शलाका ही त्यांची नातवंडं.’ नातीच्या चिठ्ठीत : ‘झपाटलेला सिनेमात ज्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो तो गुंड.’ नातीची चिठ्ठी मालिकेतली नाही, सिनेमातली आहे, हे खरं. पण मुलाला आत यायला दार हवं, आणि ते त्याच्या ओळखीच्या भिंतीतच पाडावं लागतं.

आधी प्रत्येकाने आपापलं पात्र ओळखायचं : चिमणराव, आबा टिपरे, तात्या विंचू. त्याचे पाच-पाच गुण. मग तिघांनी मिळून सांगायचं, की या तिघांना जोडणारा माणूस कोण? दिलीप प्रभावळकर. त्याचे पंधरा. निम्मे गुण एकत्र बसून मिळतात, त्यामुळे कोणी दुसऱ्याच्या चिठ्ठीकडे पाठ फिरवत नाही.

असे दुवे शोधायला वेळ लागतो, पण सापडतात. 1988 सालच्या ‘वागले की दुनिया’तले वागळे पतिपत्नी, म्हणजे अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर, 2021 साली आलेल्या नव्या मालिकेत आईवडील म्हणून परतले. त्यांच्या मुलाचं, राजेशचं, काम सुमीत राघवनने केलं, आणि तोच साराभाईंच्या घरातला साहिल. आजी, आई आणि नात, तिघींना त्यात आपापलं काही सापडतं.

गुणांच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगते. वय वाढलं की विशेषनामं सर्वांत आधी हुलकावणी देतात. चेहरा दिसतो, चष्मा, टोपी, बोलण्याची लकब सगळं आठवतं, नाव मात्र जिभेवर येऊन अडतं. अशा वेळी घंटा वाजवायची शर्यत लावली तर आजोबा दरवेळी हरतात, आणि ते मालिका विसरलेले नसतात. म्हणून आम्ही घंटा काढून टाकली. उत्तर कागदावर लिहायचं, त्याला दीड मिनिट. नाव सुचलं नाही पण पात्राचं अचूक वर्णन केलं, तर पाचातले तीन गुण. मुलांना उलटी मदत लागते. त्यांना तीन पर्याय दिले की पुरतं.

भांडणं होतात ती दोन उत्तरं बरोबर निघणाऱ्या प्रश्नांवरून. ‘तारक मेहता’तला टप्पू कोणी साकारला, असं मी एकदा विचारलं. ते काम वेगवेगळ्या मुलांनी केलंय, त्यामुळे दोन गट दोन नावांवर अडून बसले. ‘ये जो है जिंदगी’त सतीश शाह कोण होते, हाही तसाच फसवा प्रश्न, कारण ते दर भागात नवं पात्र व्हायचे. आता मी कागदावर प्रश्नाखाली चालणारी सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवते. जेठालालच्या मुलाचं नाव विचारलं तर ‘टप्पू’ही चालेल आणि ‘टिपेंद्र’ही.

गेल्या वर्षी चिमणरावांच्या त्या प्रश्नाला नातीच्या गटाने दीड मिनिट पूर्ण घेतलं. आजी पुन्हापुन्हा म्हणत होती, “अगं, तो किती गरीब गं, भित्रा!” नात म्हणाली, “नाही आजी, तो लोकांना मारतो.” शेवटी आईने दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या आणि कागदावर नाव लिहिलं. आजीने ते वाचलं, चष्मा काढला आणि नातीला म्हणाली, “उद्या तो बाहुला दाखव मला.”