रिकाम्या जागा हेरणारे बिंदू

एखाद्या वक्राखालचे क्षेत्रफळ संगणकाने काढायचे असेल, तर सर्वांत साधी रीत म्हणजे ठिकठिकाणी फलाची किंमत मोजायची आणि त्या किमतींची सरासरी घ्यायची. ही ठिकाणे यादृच्छिक निवडली, तर तिला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. संगणकातले रँडम आकडे खरे तर ठरलेल्या सूत्रातूनच निघतात, म्हणून ते ‘स्यूडो-रँडम’. पण वागतात मात्र खऱ्या यादृच्छिक आकड्यांसारखे. दोष नेमका याच वागण्यात आहे. नवा बिंदू कुठे पडावा हे ठरताना आधीचे बिंदू कुठे पडले आहेत याचा विचारच होत नाही. ० ते १ या अंतराचे १०२४ समान कप्पे करून त्यात १०२४ रँडम बिंदू टाकले, तर सरासरीने सुमारे ३७६ कप्पे रिकामे राहतात आणि बाकीच्यांतल्या अनेकांत दोन-तीन बिंदूंची गर्दी होते. रिकाम्या कप्प्यातले फल मोजलेच जात नाही, गर्दीतले पुन्हा पुन्हा मोजले जाते. म्हणूनच या पद्धतीत चूक एक दशमांश करायला शंभरपट बिंदू लागतात.

मग समान अंतरावर बिंदू का मांडू नयेत? एका मितीत ते चालते. पण दहा चलांच्या फलासाठी प्रत्येक दिशेला फक्त दहा खुणा केल्या, तरी जाळीचे १००० कोटी बिंदू होतात. शिवाय बिंदू किती हे आधीच ठरवावे लागते. मध्येच थांबले तर अर्धी जागा कोरी राहते.

क्वासी-रँडम क्रमिका या दोहोंमधली वाट काढतात. डच गणितज्ञ व्हान डेर कॉर्पुट यांनी १९३५ मध्ये दिलेली क्रमिका त्यांतली सर्वांत सोपी. १, २, ३, ४ हे अंक द्विमान पद्धतीत १, १०, ११, १०० असे लिहायचे, प्रत्येकाचे अंक उलटे करायचे आणि ते बिंदूनंतर मांडायचे. १ चा ०.१ म्हणजे अर्धा होतो, २ चा ०.०१ म्हणजे पाव, ३ चा पाऊण, ४ चा एक अष्टमांश, ५ चा पाच अष्टमांश. मोजणीत शेवटचा द्विमान अंक प्रत्येक पावलाला बदलतो. उलटल्यावर तोच पहिला होतो, आणि बिंदू डाव्या अर्ध्यात की उजव्या हे तोच ठरवतो. त्याच्या शेजारचा अंक पाव भाग ठरवतो, त्यापुढचा अष्टमांश. त्यामुळे क्रमिकेतले कोणतेही सलग आठ बिंदू घेतले, तरी आठही अष्टमांशांत एकेक बिंदू सापडतोच. समानपणा इथे योगायोगाने येत नाही, तो मोजणीच्या रचनेतच आहे.

x² या फलाचे ० ते १ संकलन एक तृतीयांश आहे. शून्यापासून मोजून या क्रमिकेचे १०२४ बिंदू घेतले, तर उत्तर सुमारे ०.०००४९ ने कमी येते. तितक्याच रँडम बिंदूंची चूक साधारण ०.००९३ असते, म्हणजे सुमारे एकोणीसपट. बिंदू दुप्पट केले की क्रमिकेची चूक निम्मी होते. रँडम बिंदूंना त्यासाठी चौपट व्हावे लागते.

दोन मितींत दोन्ही अक्षांवर हीच क्रमिका वापरली, तर सगळे बिंदू कर्णावर पडतील. हॅल्टन यांनी १९६० मध्ये प्रत्येक अक्षाला वेगळी मूळ संख्या पाया म्हणून दिली: पहिल्याला २, दुसऱ्याला ३. या दोहोंना सामाईक विभाजक नसल्याने चौरसाचे उभे दोन आणि आडवे तीन भाग केले, तर कोणत्याही सलग सहा बिंदूंपैकी एकेक बिंदू सहाही आयतांत जातो.

मिती वाढल्या की मात्र ही युक्ती लंगडी पडते. सातव्या आणि आठव्या अक्षांचे पाये १७ व १९. पहिल्या सोळा बिंदूंचे तिथले निर्देशक १/१७, १/१९, मग २/१७, २/१९ असे असतात, म्हणजे ते सगळे एकाच सरळ रेषेत. हा दोष सूत्रात दिसत नाही. त्या दोन अक्षांवरचे बिंदू कागदावर काढले की लगेच दिसतो. सोबोल यांच्या १९६७ च्या क्रमिकेत सगळ्या अक्षांचा पाया २ च असतो आणि अंकांची अदलाबदल प्रत्येक अक्षाला वेगळी असते, म्हणून व्यवहारात तिला पसंती मिळते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. रँडम बिंदूंच्या किमतींच्या विखुरण्यावरून चुकीचा अंदाज बांधता येतो. क्वासी-रँडम बिंदू परस्परांवर अवलंबून असल्याने तोच हिशेब इथे फसवा ठरतो. त्यावर उपाय असा: सगळी क्रमिका एका रँडम अंतराने सरकवायची, १ च्या पलीकडे गेलेले बिंदू पुन्हा ० कडून आत घ्यायचे, आणि असे दहा-वीस वेळा वेगवेगळ्या अंतरांनी करायचे. बिंदूंची आपसांतली समान मांडणी जवळपास तशीच राहते, आणि मिळालेल्या उत्तरांतला फरक चुकीचा प्रामाणिक अंदाज देतो. हा फरक तितक्याच रँडम बिंदूंच्या अपेक्षित चुकीइतकाच निघाला, तर फलात एकाएकी उड्या आहेत किंवा त्याचे चढउतार एकाच वेळी खूप चलांवर अवलंबून आहेत असे समजावे; तिथे क्वासी-रँडम बिंदूंचा फारसा फायदा होत नाही.