नैवेद्यास लागणाऱ्या मुंग्या : कारणे आणि उपाय

भाद्रपदात घरोघरी गणपतीची प्रतिष्ठापना होते आणि मखरापुढे मोदक, पेढे, पंचखाद्य व फळे मांडली जातात. त्याच सुमारास देवघराच्या भिंतीवरून मुंग्यांची रांगही उतरू लागते. पावसाळ्यात जमिनीतील वारुळांत पाणी शिरल्याने मुंग्या कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. भिंतीच्या भेगा, चौकटीमागची पोकळी किंवा विजेच्या बटणांची पेटी त्यांना पुरेशी होते. त्यामुळे इतर ऋतूंच्या तुलनेत या दिवसांत हा उपद्रव अधिक जाणवतो.

मुंग्या गोडाच्या वासाने थेट आणि एकदम गोळा होतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रारंभ एक-दोन मुंग्यांपासून होतो. वसाहतीतील काही कामकरी मुंग्या अन्नाच्या शोधात सतत फिरत असतात. त्यांपैकी एखादीला मोदकातील गुळाचा पाक सापडला की ती पोट भरून परत फिरते आणि परतताना पोट जमिनीला टेकवून एका गंधद्रव्याची सूक्ष्म रेघ सोडत जाते. वारुळातील इतर मुंग्या त्या रेघेवरून चालत येतात व परतताना तीच रेघ अधिक गडद करतात. परिणामी काही मिनिटांपूर्वी स्वच्छ दिसणाऱ्या पाटावर पाहता पाहता रांग लागते. अन्न संपले की रेघेवर नवे द्रव्य पडत नाही व ती हळूहळू विरते.

यावरून पहिला उपाय स्पष्ट होतो. दिसणाऱ्या मुंग्या झटकून किंवा कोरड्या फडक्याने पुसून फारसा लाभ होत नाही, कारण गंधाची वाट तशीच राहते. देवघराची फरशी, पाट आणि भिंतीचा खालचा भाग साबणाच्या पाण्याने पुसून नंतर स्वच्छ पाण्याने पुसावा. पंचामृताचे शिंतोडे, ताम्हनाच्या तळाशी राहिलेले तीर्थ आणि समईच्या बैठकीवर ओघळलेले तेल ही नेहमी दुर्लक्षित राहणारी ठिकाणे होत. काही जातींच्या मुंग्यांना साखरेइतकेच तूप-तेलही प्रिय असते. त्यामुळे गोड पदार्थ उचलल्यानंतरही मुंग्या समईभोवती दिसतात.

मुंग्या फुलांबरोबरही येतात. जास्वंदीच्या झाडावर बहुधा पिठ्या ढेकूण असतात. ते गोड चिकट स्राव सोडतात आणि तो चाटण्यासाठी मुंग्या त्या झाडावर वावरतात. गणपतीला वाहण्यासाठी तोडलेली जास्वंद झटकून काही वेळ पाण्यात ठेवल्यास त्यातील मुंग्या बाहेर पडतात. दूर्वांच्या जुड्याही तशाच धुवून घ्याव्यात.

नैवेद्याच्या ताटाखाली पाण्याने चौकोनी मंडल काढण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्या ओलाव्याने मुंग्या क्षणभर थबकतात खऱ्या, परंतु पाणी वाळताच अडथळा संपतो. रांगोळीबाबतही एक भेद ध्यानात घ्यावा. तमिळनाडूमध्ये कोलम तांदळाच्या पिठाने काढतात आणि ते मुंग्यांसारख्या जीवांनी खावे हाच त्यामागील एक हेतू मानला जातो. अशी रांगोळी नैवेद्याच्या ताटाभोवती काढल्यास मुंग्यांना आमंत्रणच मिळते. महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या दगडाच्या भुकटीच्या रांगोळीत त्यांना खाण्यासारखे काही नसते.

खात्रीचा अडथळा म्हणजे पाण्याचा खंदक. पूर्वी स्वयंपाकघरातील जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवले जात. देवघरातही हीच युक्ती चालते. एका परातीत दोन बोटे पाणी घ्यावे, मध्यभागी वाटी उपडी ठेवावी आणि तिच्यावर नैवेद्याचे ताट ठेवावे. ताट परातीपेक्षा लहान असावे आणि त्याची कड भिंतीस, मखरास किंवा लोंबत्या हारास टेकू नये. इतकी काळजी घेऊनही मुंग्या चढल्याच, तर पाण्याकडे निरखून पाहावे. अक्षता, फुलांच्या पाकळ्या किंवा धुळीचा तवंग पाण्यावर साचला असेल, तर तोच त्यांचा पूल झालेला असतो. लहान मुंगी पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर तरंगूही शकते. कपाटाखालच्या वाट्यांत साबणाचे दोन थेंब टाकल्यास हा ताण कमी होऊन मुंगी बुडते. देवापुढच्या परातीत साबण नको असेल, तर पाणी दररोज बदलणे पुरेसे आहे.

कपाटाखालील वाट्यांबाबत एक इशारा आवश्यक आहे. अशा साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते. अंड्यापासून डास तयार होण्यास अनुकूल हवामानात सुमारे 7 ते 10 दिवस लागतात आणि अंडी वाटीच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा वाट्या रिकाम्या करून आतून घासाव्यात, केवळ पाणी ओतून देऊ नये.

मुंग्यांवर फवारा मारण्याचा मोह अनेकांना होतो. नैवेद्याजवळ कीटकनाशकाचा फवारा किंवा मुंग्यांचा खडू वापरणे धोक्याचे आहे, कारण त्याचे कण ताटावर व हातावर येतात. शिवाय घरात आढळणाऱ्या सुमारे 2 मिलिमीटर लांबीच्या पिवळसर फॅरो मुंगीच्या वसाहतीत अनेक राण्या असतात. फवाऱ्याने वसाहत विस्कळीत झाली की तिचे तुकडे होऊन प्रत्येक तुकडा नव्या ठिकाणी बस्तान बसवतो. फवारणीनंतर काही दिवसांनी दुसऱ्या खोलीत रांगा दिसू लागल्या, तर असेच घडले असण्याची शक्यता मोठी. याच मुंग्या ब्रिटनमधील रुग्णालयांत रोगजंतू वाहून नेत असल्याचे 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले होते. मोरीत फिरलेली मुंगी पेढ्यावर आल्यास तो निर्धोक समजता येत नाही.

अशा वसाहतीसाठी सौम्य आमिष उपयुक्त ठरते. एक पेला, म्हणजे सुमारे 200 मिलिलिटर कोमट पाण्यात 20 ग्रॅम साखर व 2 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवावी. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवावा आणि ते झाकण रांगेच्या वाटेवर, परंतु देवघर, फळ्या आणि मुलांच्या वा पाळीव प्राण्यांच्या हातापासून दूर ठेवावे. ही पावडर पोटात जाणे अपायकारक आहे. आमिष ठेवलेल्या वाटेवरचा गंध मात्र त्या काळात पुसू नये. पहिल्या दिवशी गर्दी वाढते आणि ती वाढायलाच हवी, कारण मुंग्या हे पाणी वारुळात नेऊन राणीला व अळ्यांना भरवतात. झाकणाभोवतीच मेलेल्या मुंग्यांचा सडा पडल्यास पावडर जास्त झाली असे समजून आमिष नव्याने, अधिक सौम्य करावे. परिणाम दिसण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून उत्सवासाठी ही तयारी किमान पंधरा दिवस आधी करावी लागते. चतुर्थीच्या आदल्या रात्री ठेवलेले आमिष उलट गर्दीच जमवील.

नैवेद्य दाखवून झाल्यावर पदार्थ किती वेळ ठेवावा, हा प्रश्न उरतो. उकडीचे मोदक, दुधाचे पदार्थ व ओले खोबरे दमट हवेत लवकर आंबतात. आरती आटोपताच, फार तर दोन तासांत ते वाटून संपवावेत अथवा शीतकपाटात ठेवावेत. रात्रभर देवापुढे काही ठेवायचे असल्यास सुके खोबरे, खडीसाखर किंवा अखंड नारळ ठेवावा. यांपैकी पहिले दोन झाकणाच्या डब्यात असावेत. साखरेच्या डब्यात मुंग्या शिरल्यास तो उन्हात ठेवण्याची जुनी रीत आहे. उन्हाने मुंग्या निघून जातात, साखर मात्र त्यामुळे निर्जंतुक होत नाही. ती चहासारख्या उकळायच्या पदार्थात वापरावी. मुंग्या लागलेला मोदक वा पेढा उन्हात ठेवूनही उपयोग नसतो.