टेबलापलीकडचे सगळे

खासगी कंपनीत मुलाखतीला बहुतेकदा एकच मॅनेजर समोर असतो. पहिल्या काही मिनिटांत त्याचा कल कळतो आणि उमेदवार त्या सुरात बोलू लागतो. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत ही सोय नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे निवड समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी नेमलेले प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. किमान पाच सदस्य हजर हवेत आणि त्यांत दोन बाहेरचे तज्ज्ञ हवेत, तरच गणपूर्ती होते.

या प्रत्येकाच्या मनात वेगळं काही चाललेलं असतं. तज्ज्ञाला विषयाची खोली तपासायची असते. विभागप्रमुखाला वेळापत्रकातले कोणते पेपर हा माणूस सांभाळेल, हे हवं असतं. हा इथे टिकेल का आणि मुलांशी नीट वागेल का, हा विचार अध्यक्षांचा. त्यामुळे एकाच्या मनासारखं दिलेलं उत्तर दुसऱ्याला परकं वाटू शकतं.

वनस्पतिशास्त्राचा एक काल्पनिक उमेदवार घेऊ. त्याची पीएच.डी. कोकणातल्या सड्यांवरच्या वनस्पतींवर आहे. तज्ज्ञ विचारतात, “तुमच्या कामाचं सार सांगा.” त्यांच्याकडेच बघत तो प्रजाती, नमुनाक्षेत्रं, संख्याशास्त्रीय चाचण्या असं बोलत सुटला, तर दोन मिनिटांत प्राचार्य फाईल चाळू लागतात. मग अध्यक्ष विचारतात, “म्हणजे नेमकं काय केलंत?” तोच प्रश्न दुसऱ्या तोंडून सोप्या भाषेत परत आला, की समजावं, आधीचं उत्तर एकाच खुर्चीपर्यंत पोचलं होतं.

तेच उत्तर असं देता येतं : “पावसाळ्यात कातळावर पाणी साचतं तिथे सीतेची आसवं नावाची बारीक जांभळी फुलं येतात. तिथल्या मातीत नत्र कमी, म्हणून ही वनस्पती सूक्ष्म जीव पकडून ती उणीव भरून काढते. पाणी किती दिवस टिकतं यावर तिचा फुलोरा कसा ठरतो, ते मी तपासलं.” इथवर सगळ्यांना कळलं. यापुढे तज्ज्ञांसाठी चार वाक्यं पद्धतीबद्दल, त्यांच्याच परिभाषेत. शेवटी एक वाक्य कॉलेजसाठी : “बी.एस्सी.च्या मुलांना हे प्रात्यक्षिक जवळच्या सड्यावर करता येईल.” नजरही याच वाटेने जाते. सुरुवात प्रश्न विचारणाऱ्याकडे बघून करायची, मधल्या वाक्यांना इतरांकडे वळायचं आणि शेवट पुन्हा विचारणाऱ्यापाशी. दर शब्दाला मान फिरवण्याची गरज नाही. एकेक वाक्य एकेकाकडे बघून पुरं केलं की पुरतं.

सूर बिघडतो तो बहुधा संबोधनात. गावात अध्यक्षांना सगळे ‘दादासाहेब’ म्हणतात म्हणून उमेदवारही तसंच म्हणतो. तज्ज्ञांना ‘सर’ आणि टोकाला बसलेल्या तरुण विभागप्रमुख बाईंना काहीच नाही. ते खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जातं. सगळ्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ हे एकाच पातळीचं संबोधन बरं. तसंच तज्ज्ञांपुढे पडतं घेऊन ‘आपल्यासमोर मी काय बोलणार’ म्हणू नये आणि अध्यक्षांना शाळकरी मुलासारखं समजावूही नये.

खरी कसोटी सदस्यांतच मतभेद होतात तेव्हा लागते. समजा, तज्ज्ञ म्हणाले, “मराठीत शिकवलंत तर मुलं पुढे अडतात.” प्राचार्य लगेच म्हणाले, “पण आमची निम्मी मुलं मराठी माध्यमातून येतात.” दोघेही उमेदवाराकडे बघतात. ‘प्राचार्यांचं बरोबर आहे’ म्हटलं की एक जण दुरावतो. ‘दोघांचंही बरोबर’ म्हटलं तर उमेदवाराला स्वतःचं मत नाही असं दिसतं. कोणाची बाजू हे बाजूला ठेवून आपण वर्गात काय करू, ते सांगावं : “पहिल्या सत्रात संकल्पना मराठीत समजावीन, पण संज्ञा आणि आकृत्यांची नावं पहिल्या तासापासून इंग्रजीत लिहून घेईन. तिसऱ्या सत्रापर्यंत उत्तरं इंग्रजीत लिहिण्याचा सराव व्हायला हवा.” हे मत दोघांच्याही आक्षेपाला भिडतं, आणि त्यावर कोणी उलट विचारलं तर उमेदवाराकडे धरून बोलायला काहीतरी असतं.

एखादा सदस्य शेवटपर्यंत गप्प राहतो. त्याला नाराज समजून त्याच्याकडेच बघत बोलणं हीही चूकच. त्याच्या वाट्याचे प्रश्न आधीच विचारून झालेले असू शकतात. निवडीत मात्र त्याचंही मत असतं, म्हणून इतरांइतकीच नजर त्याच्याकडेही जावी.

या सगळ्याने विषयातलं कच्चेपण झाकत नाही. तज्ज्ञाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर ‘हे मी वाचलेलं नाही’ असं सरळ म्हणावं. इतर सदस्यांकडे बघून हसत वेळ मारून नेली, तर विषय न कळणाऱ्यांनाही ती पळवाट लगेच कळते.