परग्रहावरचा प्राणी मोठा दिसावा कसा?

संगणकाला शब्दांत सूचना देऊन चित्र काढून घेण्याची सोय आता आहे. मुलांच्या चादरी व पडद्यांच्या छपाईसाठी परग्रहांची चित्रे अशीच तयार करता येतात. पण सूचनेत 'अवाढव्य प्राणी' लिहिले तरी पुष्कळदा चित्रात प्लास्टिकचे खेळणे उतरते. असे का होते?

आम्हा कापडवाल्यांना हे समजायला सोपे आहे. नमुन्याच्या नुसत्या फोटोवरून बुट्टी बोटाएवढी की वितीएवढी, हे कळत नाही. शेजारी टेप ठेवला की कळते. हत्ती ओळखीचा म्हणून त्याचा अंदाज येतो. परग्रहावरच्या प्राण्याला मात्र टेप द्यावाच लागतो. '१२ मीटर उंच' एवढे लिहूनही भागत नाही, कारण संगणक चित्रात माप घेत नाही.

म्हणून असा प्राणी हवा असेल तर सूचना अशी लिहावी: 'प्राण्याच्या पायाशी एक माणूस उभा, त्याची उंची प्राण्याच्या सातव्या हिश्श्याएवढी. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्राण्याचे डोके धुक्यात फिकट. कातडीवर बारीक, असंख्य सुरकुत्या. डोळे लहान. मागचे डोंगर स्पष्ट.'

यातील प्रत्येक वाक्याला कारण आहे. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून फिकट डोके उंच वाटते. मोठे खवले आणि मोठे डोळे घातले तर तोच प्राणी पालीएवढा भासतो. मागचे दृश्य फार पुसट झाले तर फोटो अगदी जवळून काढल्यासारखा वाटतो आणि डोंगरही खेळण्यातले दिसतात.

आता पायांचा हिशेब. हत्ती खांद्याशी सुमारे ३ मीटर असतो. तोच आकार चौपट केला तर वजन ६४ पट होते, पण पायाची जाडी, म्हणजे भार पेलणारा छेद, १६ पटच वाढतो. पायावर चौपट ताण येतो. मोठ्या जनावराची हाडे प्रमाणाबाहेर जाड लागतात, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवले होते. तेव्हा पृथ्वीसारख्या ग्रहावर पाय खांबासारखे जाड लिहावेत. बारीक पाय हवे असतील तर ग्रह हलक्या ओढीचा ठरवावा. शनीचा उपग्रह टायटन याची ओढ पृथ्वीच्या सुमारे सातव्या हिश्श्याची आहे, आणि त्याची हवा दाट, नारिंगी धुक्याची. तिथे उंच प्राणी आणि फिकट डोके, दोन्ही शोभतात.

चित्र हाती आले की अंगठ्याने माणूस झाकून पाहावे. तरीही प्राणी मोठा वाटला तर बाकीच्या खुणा बरोबर आहेत. लहान वाटला तर धुके आणि कातडी पुन्हा लिहावी. माणसाची व प्राण्याची सावली एकाच दिशेला पडते का, तेही तपासावे. ही चूक संगणक करू शकतो. एवढे पाहिल्यावरच छपाईला द्यावे.