सहा महिने थांबायचं ठीक, पण आधी कागदावर काय लिहायचं?

क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचा घटस्फोट तुम्ही रील्समधून पाहिला असेल. कोणी काय घातलं होतं, कोण काय बोललं, यावरच सगळी चर्चा झाली. पण त्या केसमध्ये खरा वाद कशावर झाला, हे फार कुणी सांगितलं नाही. वाद होता तो ‘थांबण्याच्या काळा’वर आणि दोघांनी आपसात लिहून घेतलेल्या अटींमधल्या एका मुद्द्यावर. तो मुद्दा केळझरच्या जोडप्यालाही तितकाच लागू होतो. फक्त रकमेतले शून्य कमी होतील.

आधी नियम काय ते बघू. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली कलम १३-ब आलं. तेव्हापासून नवरा-बायको दोघं मिळून एकच अर्ज करून घटस्फोट मागू शकतात. कोणावर आरोप करावे लागत नाहीत, काही सिद्ध करावं लागत नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे. रजिस्टर पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर त्या कायद्यातही अशीच तरतूद आहे.

अट अशी की अर्ज करण्याआधी दोघं किमान एक वर्ष वेगळं राहत असले पाहिजेत. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नातं उरलं नसेल, तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलं. अर्ज दाखल झाला की पहिली पायरी झाली. मग किमान सहा महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टात जाऊन सांगायचं की ‘हो, आम्हाला अजूनही हेच हवंय’. ही दुसरी पायरी. न्यायाधीशांची खात्री पटली की हुकूमनामा होतो.

मधले सहा महिने कशासाठी? रागाच्या भरात सही केली असेल तर विचार बदलायला वेळ मिळावा म्हणून. आणि विचार खरंच बदलता येतो! त्याच १९९१ च्या निकालाप्रमाणे हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एकटा आपली संमती मागे घेऊ शकतो. मग तो अर्ज तिथेच संपतो. उरतो तो आरोप-पुराव्यांचा लांबचा रस्ता. हा काळ नाजूक असतो तो यामुळेच. एकाने पैसे देऊन झालेत, दुसऱ्याने केस मागे घेतली आहे, आणि अचानक समोरचा म्हणतो, ‘मला नाही द्यायचा घटस्फोट.’

चहलच्या केसमध्ये काय अडलं?

दोघांचं लग्न डिसेंबर २०२० मध्ये झालं. जून २०२२ पासून ते वेगळे राहत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात एकत्र अर्ज केला आणि सोबत सहा महिन्यांची अट माफ करा असंही मागितलं. असं मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं की हे सहा महिने प्रत्येक वेळी सक्तीचे नाहीत. मात्र माफीसाठी कोर्ट काही गोष्टी तपासतं. अर्जाआधीच एक वर्ष अधिक सहा महिने, म्हणजे दीड वर्ष वेगळं राहून झालं आहे का? समेटाचे प्रयत्न करून थकलेत का? आणि पोटगी, मुलांचा ताबा, बाकी वाद हे सगळं खरोखर मिटलंय का?

पहिल्या प्रश्नाला अडचण नव्हती, अडीच वर्षं होऊन गेली होती. अडलं शेवटच्या प्रश्नावर. चहलने ४ कोटी ७५ लाख द्यायचं ठरलं होतं. त्यातले साधारण २ कोटी ३७ लाख दिले होते. कौटुंबिक न्यायालयाला वाटलं की अटी अर्धवटच पाळल्यात, म्हणून माफी नाकारली. दोघं उच्च न्यायालयात गेले. १९ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती माधव जामदार यांनी सांगितलं की, उरलेली रक्कम हुकूमनाम्यानंतर द्यायची असं अटींमध्येच ठरलं आहे, म्हणजे आजच्या तारखेला अटींचा भंग झालेलाच नाही. दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला, घटस्फोट झाला.

म्हणजे सगळा खेळ ‘किती द्यायचे’ यावर नव्हता, ‘कधी द्यायचे’ यावर होता. आणि ते कागदावर लिहिलेलं होतं म्हणून सुटलं.

आता आपल्याकडचं एक उदाहरण करून पाहू

समजा, ती केळझरची आणि तो बुटीबोरीच्या एका कंपनीत कामाला. लग्न २०२१ मध्ये झालं, तीन वर्षांची मुलगी आहे. जून २०२४ मध्ये ती माहेरी आली. म्हणजे जून २०२५ नंतर ते अर्ज करू शकतात. ती सध्या केळझरला राहते, त्यामुळे अर्ज वर्ध्याला करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे तो अर्ज त्या न्यायालयात जातो, नसेल तिथे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे.

१ जुलै २०२५ ला अर्ज केला तर दुसरी पायरी १ जानेवारी २०२६ नंतर. या जोडप्याला सहा महिन्यांची माफी मिळणं अवघड, कारण अर्जाच्या दिवशी त्यांचं दीड वर्ष वेगळं राहून झालेलं नाही. माफीसाठी थांबून डिसेंबरमध्ये अर्ज केला, तरी सगळं आटपायला तोच सुमार येतो. म्हणून त्यांच्यासाठी ‘लवकर कसं होईल’ यापेक्षा ‘सहा महिने टिकेल असं काय लिहू’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हे जे लिहितात त्याला कोर्टात ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात, म्हणजे संमतीच्या अटी.

पैशापासून सुरू करू. तिला एकरकमी सहा लाख द्यायचे ठरले. सगळे पहिल्याच दिवशी दिले तर त्याला भीती, ही नंतर आलीच नाही तर? सगळे हुकूमनाम्यानंतर द्यायचे तर तिला भीती, त्याने दिलेच नाहीत तर? मग वसुलीसाठी पुन्हा कोर्टात दरखास्त, पुन्हा तारखा. म्हणून टप्पे करायचे. दोन लाख अर्ज दाखल होताना. दोन लाख फौजदारी केस रद्द झाल्यावर. शेवटचे दोन लाख दुसऱ्या पायरीच्या दिवशी, न्यायाधीशांसमोर, डीडीने. रोख नकोच, रोखीचा पुरावा राहत नाही. आणि एक ओळ हमखास राहून जाते: मध्येच कुणी संमती मागे घेतली तर तोवर दिलेल्या पैशांचं काय? तीही लिहा.

फौजदारी केस म्हणजे छळाची, जुनं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. ‘घटस्फोट झाला की केस आपोआप मिटते’ असं खूप जणांना वाटतं. तसं होत नाही. हा गुन्हा पोलीस ठाण्यात किंवा खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात, आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज लागतो आणि तिथे तिला ‘माझी हरकत नाही’ असं शपथपत्र द्यावं लागतं. तो अर्ज कोण करणार, खर्च कुणाचा, ती शपथपत्र कधी देणार, हे अटींमध्ये हवं. सहा महिन्यांचा काळ या कामासाठी वापरता येतो.

मुलगी आईकडे राहणार हे ठरलं, पण तेवढं पुरत नाही. बाबा कोणत्या रविवारी भेटणार, कुठे, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत काय, शाळेची फी कोण भरणार, दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे लिहायचं. ‘मला काही नको, मुलीसाठीही काही मागणार नाही’ असं आईने रागात लिहून दिलं, तरी त्याने मुलीचा हक्क जात नाही. तो हक्क मुलीचा आहे, आईला सोडून देता येत नाही. पुढे परिस्थिती बदलली तर ताबा आणि खर्च कोर्ट बदलूही शकतं.

आणि दागिने. ‘स्त्रीधन परत केले’ एवढ्या तीन शब्दांवर पुढे वर्षभर भांडण होतं. प्रत्येक वस्तू वजनासह लिहा: मंगळसूत्र इतके ग्रॅम, पाटल्या इतक्या. मिळाल्याची तारीख आणि सही घ्या. दोघांच्या नावावर बाईकचं किंवा घराचं कर्ज असेल तर पुढचा हप्ता कोण भरणार, तेही. आपसात काहीही ठरलं तरी बँक तिच्या कागदावर ज्याची सही आहे त्यालाच धरते. त्यामुळे बँकेतून नाव कमी करून घेण्याची तारीखही अटीत हवी.

बाँडवरची सोडचिठ्ठी चालते का?

आपल्याकडे अजूनही चार माणसं बसवून, पाचशेच्या बाँडवर फारकत लिहून, नोटरीचा शिक्का मारून ‘झालं मोकळं’ म्हणण्याची पद्धत आहे. काही समाजांत रूढीने घटस्फोट होतो आणि कायदा तो मानतोही. पण ती रूढी खरंच आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर कायद्याने तुम्ही अजून विवाहितच आहात. त्या बाँडच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्नच रद्दबातल ठरतं आणि पहिला जोडीदार हयात असताना लग्न केल्याचा गुन्हा लागू शकतो. दुसऱ्या लग्नातल्या मुलीची यात काहीच चूक नसते, तरी तिचं पत्नी म्हणून स्थान जातं.

चार माणसांत बसून ठरवायला हरकत नाही. फक्त जे ठरलं ते बाँडवर न संपवता कोर्टातल्या अटींमध्ये न्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर आहे. शक्यतो दोघांनी एकच वकील करू नका, निदान सही करण्याआधी अटी दुसऱ्या वकिलाला दाखवा.

सहीच्या आदल्या दिवशी तो कागद घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारा. कोण करणार? काय करणार? कोणत्या तारखेला? आणि नाही केलं तर काय? ज्या ओळीत या चारपैकी एकाचं उत्तर सापडत नाही, तिथे सही थांबवा आणि ती ओळ पुन्हा लिहून घ्या.