छायाचित्रांची खरेदी : वर्गणी की क्रेडिट?

माहितीपत्रक किंवा संकेतस्थळ तयार करताना लागणारी छायाचित्रे आज बहुतेक व्यावसायिक तयार छायाचित्रांच्या संग्रहांतून विकत घेतात. तेथे खरेदीचे दोन प्रमुख मार्ग असतात. वर्गणी भरली की ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येपर्यंत छायाचित्रे उतरवून घेता येतात. दुसऱ्या मार्गात क्रेडिटचा संच घ्यावा लागतो. येथे ‘क्रेडिट’ म्हणजे उधारी नव्हे, तर आगाऊ पैसे भरून घेतलेली कुपनेच. प्रत्येक छायाचित्रामागे त्यांतील काही खर्च होतात.

वर्गणीचा दर प्रथमदर्शनी फारच स्वस्त भासतो. 2003 मध्ये सुरू झालेल्या शटरस्टॉक या अमेरिकन संस्थेची रोज 25 छायाचित्रांची मासिक वर्गणी सुरुवातीच्या काळात प्रसिद्ध होती. तीस दिवसांचे गणित केल्यास ती 750 छायाचित्रे होतात. मात्र दैनंदिन मर्यादेच्या योजनेत आज न वापरलेली संख्या सहसा उद्याच्या खात्यात जमा होत नाही. शटरस्टॉकने पुढे मासिक संख्येच्या योजना आणल्या. तरी दैनंदिन मर्यादा काही संग्रहांत आजही आढळते.

एका माहितीपत्रकाचा हिशेब

इंदूरमधील एका लहान पर्यटन व्यावसायिकाला वर्षातून एकदा माहितीपत्रक छापावयाचे आहे, असे समजावे. त्याला एकूण 40 छायाचित्रे हवी आहेत : पूर्ण पानाची 4, आतील लहान चौकटींसाठी 26 आणि संकेतस्थळासाठी 10. हिशेबापुरते असे धरावे की मासिक वर्गणी 15,000 रुपये असून मर्यादा रोज 25 छायाचित्रांची आहे. एका क्रेडिटची किंमत 100 रुपये असून लहान, मध्यम व मोठ्या आकारास अनुक्रमे 1, 3 व 8 क्रेडिट लागतात.

वर्गणी घेतल्यास पहिल्या दिवशी 25 व दुसऱ्या दिवशी 15 छायाचित्रे मिळतील. उरलेले 28 दिवस वाया जातील. कागदावर 20 रुपयांना पडणारे छायाचित्र प्रत्यक्षात 375 रुपयांना पडेल. शिवाय छपाई उद्याच असेल, तर 26 वे छायाचित्र वेळेवर हाती येणारच नाही.

क्रेडिटचा हिशेब आकारावर अवलंबून असतो. उत्तम छपाईसाठी एका इंचात साधारण 300 पिक्सेल लागतात. त्यानुसार ए-4 आकाराच्या पूर्ण पानाला 2480 × 3508 पिक्सेल हवेत. सहा इंच रुंद व चार इंच उंच चौकटीला 1800 × 1200 पुरतात, तर संकेतस्थळावरील साध्या चित्राला सुमारे 800 पिक्सेल रुंदी पुरेशी असते. याप्रमाणे 4 मोठ्या छायाचित्रांना 32, 26 मध्यमांना 78 आणि 10 लहानांना 10, असे 120 क्रेडिट लागतील. खर्च 12,000 रुपये. मात्र ‘असू द्यावे’ म्हणून सर्वच छायाचित्रे मोठ्या आकारात घेतली, तर 320 क्रेडिट, म्हणजे 32,000 रुपये लागतील आणि वर्गणीच स्वस्त ठरेल. म्हणून पानांची मांडणी जलचिन्हांकित नमुना प्रतींवर आधी पक्की करावी व खरेदी मागाहून करावी.

आकारानुसार दर सर्वत्र नाहीत. आयस्टॉक या संस्थेने 2014 मध्ये ती पद्धत बंद केली. अशा ठिकाणी एका छायाचित्राचा दर सर्व आकारांना सारखाच असल्याने केवळ संख्या मोजली की पुरते.

केवळ संपादकीय वापर

पैसे भरले तरी न सुटणारे बंधन म्हणजे ‘Editorial Use Only’ हा शेरा. छायाचित्रातील ओळखू येणाऱ्या व्यक्तीची किंवा मालमत्तेच्या धन्याची लेखी संमती नसल्यास, अथवा त्यात व्यापारचिन्ह दिसत असल्यास, हा शेरा लागतो. असे छायाचित्र वृत्तात किंवा माहितीपर लेखात वापरता येते, जाहिरातीत नाही.

वाराणसीच्या घाटावरील भाविकांचे असे छायाचित्र त्या शहरावरील लेखात शोभेल, परंतु सहलीची विक्री करणाऱ्या माहितीपत्रकात चालणार नाही. वास्तूंबाबतही सावध राहावे लागते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची प्रतिमा 2017 मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदली गेली आहे. मोठा आकार घेतल्याने किंवा अधिक क्रेडिट मोजल्याने हे बंधन दूर होत नाही. फलकावरील नाव पुसून टाकणे हाही उपाय नव्हे, कारण संपादकीय छायाचित्रात असा फेरफार करण्यास बहुधा मनाई असते.

हा शेरा छायाचित्राच्या तपशिलात दिसतो. उतरवलेल्या चित्रावर मात्र तो छापलेला नसतो. सहा महिन्यांनी तेच चित्र जुन्या संचातून काढून जाहिरातीत टाकले जाते, ते यामुळेच. प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि हा शेरा यांची नोंद पावतीसोबत ठेवल्यास छापून झालेली पत्रके मागे घेण्याची वेळ येत नाही.